‘आणखी एक पत्ता जोडा’

वेबसाइटवरच्या फॉर्ममधलं हे बटण दाबलं की अख्खं पान पुन्हा लोड व्हायचं आणि भरलेलं सगळं पुसलं जायचं. टीमचे साहेब दोन दिवस सर्व्हरवाल्यांच्या नावाने खडे फोडत होते. शेवटी त्यांनी बटणाखाली सूचना टाकली, ‘कृपया हे बटण दाबू नये.’

टेस्टर बाईंनी कपाळाला हात लावला. “साहेब, तुम्ही कोडमध्ये बटणाला टाइप, म्हणजे प्रकारच दिलेला नाही. फॉर्मच्या आत असं मोकळं सोडलं की ब्राउझर त्याला सबमिट धरतो आणि फॉर्म पाठवून टाकतो. टाइप ‘बटन’ लिहा.”

“इतकं सोपं असतं तर मला सुचलं नसतं?”

साहेब चहाला गेले, तेवढ्यात बाईंनी तो एक शब्द लिहून टाकला. बटण गुमान चालू लागलं.

सूचना मात्र अजून तिथेच आहे. ती लावल्यापासून एकही तक्रार नाही, असं साहेब प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतात.