परतीची मुदत

माझ्या जाऊबाईंनी माझ्याच दुकानात, माझ्याच आरशात बघत चौदा फ्रेमा लावून पाहिल्या, त्यातल्या एकीच्या दांडीवरच्या नंबराचा फोटो काढला आणि तीच फ्रेम ऑनलाइन मागवली. अशी गोष्ट मी विसरणारी नाही.

मेहकरला माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे मीच तपासते, त्याचा डिप्लोमा केलाय. स्नेहलताताई माझ्या मोठ्या जाऊबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लांबचं आणि जवळचं एकाच काचेत हवं, म्हणून मी अर्धा तास खपून प्रोग्रेसिव्हचा नंबर काढला आणि चिठ्ठी दिली. घरच्या माणसाकडून तपासणीचे पैसे घ्यायचे नसतात. "घरी विचारून सांगते," म्हणून त्या गेल्या.

पुढे डोणगावला, आमच्या सासरी, हळदीकुंकवात तोच चष्मा त्यांच्या नाकावर.

"पूनमच्या दुकानातलीच फ्रेम हाये, पण निम्म्या पैशात! आपले दुकानवाले नुसते लुटून राह्यले," त्या वीस बायांसमोर म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. मीही हसले. वाण घेऊन घरी येईपर्यंत माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हटलं, येशीलच कधीतरी.

बारा दिवसांनी आल्याच.

"पूनम, डोकं लय दुखून राह्यलं बाई. वाचताना ओळीच सरकते. इकडून पाहा का तिकडून पाहा, समजतच नाही."

"ऑर्डर देताना दोन बुबुळांतलं अंतर टाकलं होतं?"

"थे काय असते? चिठ्ठीवर तर नव्हतं. मी 'माहीत नाही' दाबलं."

चिठ्ठीवर नव्हतंच, कारण मी लिहिलं नव्हतं. विचारलं असतं तर दिलं असतं, असं मी स्वतःला सांगत होते. माझ्या वहीत होतं: सत्तावन्न मिलिमीटर.

मी चष्मा घेतला, काचेवर तोंडाची वाफ सोडली. प्रोग्रेसिव्ह काचेवर कंपनीच्या दोन बारीक खुणा असतात, त्या वाफेत दिसतात. दोन्ही काचांवर त्या खुणांच्या मधोमध ठिपका दिला आणि पट्टी लावली. त्रेसष्ट. कंपनीने आपलं सरासरी माप घातलं होतं. काचेतली वाचायची अरुंद जागा ताईंच्या नजरेच्या बाहेरच्या अंगाला गेली होती. फ्रेम तोंडावर चढवून बुबुळाची उंची तर कोणी मोजलीच नव्हती. पैसे भरायच्या आधी एवढी दोन मापं आणि काच परत घेण्याची अट पाहिली असती, तर ऑनलाइनचा चष्माही बरा निघाला असता. हा चष्मा घालून जन्मभर डोकं दुखलं असतं.

"परवा मुदत संपते," ताई म्हणाल्या. फोनवर परतीचं पान उघडंच होतं, त्यावर बोट. "करू का वापस? पुढल्या रविवारी टीईटी परीक्षा हाये, आता नोकरीतल्या शिक्षकायलेही द्या लागते. पास झाली नाही त नोकरीचं काही खरं नाही. तू म्हणशील तसं."

परत करा म्हटलं असतं तर चार दिवसांत मी नवा चष्मा हातात दिला असता. पण मला हळदीकुंकवातलं ते हसू ऐकू येत होतं.

काचेवरचे ठिपके मी कापडाने पुसून टाकले.

"काऊन वापस करता? प्रोग्रेसिव्हचं असंच असते, ताई. पंधरा दिवस लावा. सवय होईल."

हे वाक्य मी रोज गिऱ्हाइकाला सांगते आणि ते खरंच असतं. म्हणून ते तोंडातून सहज गेलं. ताईंनी पान बंद केलं. त्या गेल्यावर मी चहा मागवला. इतका गोड चहा बऱ्याच दिवसांत प्याले नव्हते.

परीक्षेच्या रविवारी संध्याकाळी आम्ही सगळे डोणगावच्या घरी होतो. ताई बुलढाण्याहून आल्या आणि चप्पल न काढताच ओट्यावर बसल्या.

"उत्तरपत्रिकेत एक गोल एका ओळीनं खाली भरला, मंग सगळेच खाली गेले. शेवटी ध्यानात आलं. शाईचं काम, खोडता येते का?"

त्यांचे यजमान वैजनाथभाऊजी भडकले. "मी म्हणलं होतं! अजून घ्या मोबाईलवर चष्मे!"

हेच ऐकायला मी थांबले होते. वीस बायाही हव्या होत्या, असं वाटलं.

"चष्म्याले नाव ठेवू नका," ताई म्हणाल्या. "थो पूनमनं स्वतः मोजून पाह्यला. मी वापस करून राह्यली होती, तिनं नाही म्हणलं म्हणून ठेवला. ऑनलाइनवाल्याचा काय भरोसा, तिचा त हाये." मग डोळे पुसत माझ्याकडे वळल्या. "खरं सांग पूनम, माह्ये डोळेच जाऊन राह्यले का? मले सवय काऊन होत नाही?"

"डोळे चांगले आहेत, ताई."

"मंग?"

सगळे माझ्याकडे बघत होते.