मधोमध साडेपाच

बाळंतपणाच्या रजेवरून आले तेव्हापासून आमचे साहेब मला ‘आईसाहेब’ म्हणतात. मान देतात असं फक्त नवीन लोकांना वाटतं.

त्या दिवशी टेबलावर माझ्या फिल्टरचा आलेख होता. इंटरकॉममधला हा साधा फिल्टर, एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. बोलणं जाऊ द्यायचं आणि वरची खरखर दाबायची. आवाज तीन डेसिबलने जिथे उतरतो, ती कट-ऑफ तीन हजार हर्ट्झच्या आसपास हवी होती. घाईत मी मधल्या बारीक रेघा न काढताच आलेख छापला होता. खालच्या अक्षावर आकडे दोनच, हजार आणि दहा हजार. वक्ररेषा त्यांच्या अगदी मधोमध तीन डेसिबल उतरत होती.

साहेबांनी तिथे बोट ठेवलं आणि साडेपाच हजार म्हणून मोकळे झाले. एक आणि दहाच्या मध्ये काय येतं, हे पाळण्यातल्या पोरालाही कळेल म्हणे. कट-ऑफ खाली आणायला दुपारपर्यंत कपॅसिटर दहाऐवजी अठरा नॅनोफॅरॅडचा करा, नाहीतर हे काम दुसऱ्याला देतो, असंही सुनावलं. रजेआधीचे आणि नंतरचे धरून चार महिने मी ते पोटच्या पोरीइतकं जपलं होतं. त्यांना मात्र साधी पट्टी सोडून दुसरं काही वाचताच येत नव्हतं, आणि त्यांची खुर्ची माझ्यापेक्षा उंच होती.

मी सोल्डरिंगवाल्या काकांना नमुन्याच्या एका बोर्डावर अठराचा कपॅसिटर बसवायला सांगितलं. साहेबांनी स्वतःच कानाला रिसीव्हर लावला. पलीकडून काका आकडे वाचत होते, पण आवाज रजईखालून आल्यासारखा. सात की साठ, साहेबांनी दोनदा विचारलं.

मग जुना बोर्ड लावला, तीन हजार शंभर हर्ट्झ सोडले. आत एक व्होल्ट, बाहेर शून्य पूर्णांक सात. म्हणजे तीन डेसिबल कमी.

“सर, हा लॉग अक्ष आहे,” मी म्हणाले. “इथे सारखं अंतर म्हणजे सारखी पट. हजाराची जवळजवळ तिप्पट तीन हजार, त्याची पुन्हा तिप्पट झाली की दहा हजारांच्या जवळ. मधोमध साडेपाच येत नाही.”

आपल्या टेबलाशी परतलेले काका सोल्डरच्या धुरात खोकल्याचं निमित्त करून हसले.

साहेबांनी आलेख उलटा करून ठेवला. “रेघा काढायला काय झालं होतं, आईसाहेब?”

रेघांची चूक माझीच होती, म्हणून मी पेन्सिलीने त्या तिथेच काढल्या. दोन, तीन, चार, पुढे पुढे दाट होत जाणाऱ्या. त्यांनी न बघताच सही केली, दहाच्याच कपॅसिटरवर. संध्याकाळी जिन्यात त्यांचा आवाज ऐकू आला. मी परीक्षा घेत होतो तिची, असं ते कुणाला तरी सांगत होते.

घरी लेकीचा वजनाचा तक्ता काढला. तीन किलोचे सहा पाच महिन्यांत झाले. सहाचे बारा व्हायला अजून खूप वेळ आहे. पण पट तीच. मांडीवर झोपलेलीला मी हे हळूच सांगितलं. तिने ओठ हलवले. साहेबांपेक्षा लवकर समजेल तिला.