अटकलेली सीडी

सुमित्राबाईंनी टीव्हीच्या डोक्यावर एक चापट मारली, मग दुसरी. पडद्यावर तीच नर्स तिसऱ्यांदा झोपेतून उठत होती, तोच दूधवाला तशीच घंटी वाजवत होता आणि तीच बाटली त्याच पायरीवर फुटत होती. त्याच वेळी निम्म्या देवळी गावानं केबलवाल्या रूपरावाला फोन लावले होते, की बाबू, तुझी सीडी अटकली, पुसून लाव. ऐन पोळ्याच्या सणाला लोकांच्या शिव्या कोण खाणार? रूपरावानं सिनेमा दामटून पुढं पळवला.

पळवला तो असा, की कशाचा कशाला मेळ लागेना. आता ती नर्स फुटायच्या आधीच बाटली झेलत होती आणि रडत रडत सगळ्यांना विचारत होती, की एवढं सगळं घडलं, मग एकट्या मलाच कसं आठवतं?

सुमित्राबाई उभ्याच राहिल्या. हा प्रश्न त्यांचा होता. बावीस वर्षं झाली, त्यांनी तो कुणाला विचारला नव्हता इतकंच.

त्यांचं पहिलं लेकरू नऊ दिवसांचं होऊन गेलं होतं, ऐन तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. बारसं व्हायचं होतं. त्या घरची रीत अशी, की बारशाआधी गेलेल्या लेकराला माती द्यायची, बाकी काही करायचं नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी बजावलं, आता त्याचं नाव काढू नको. अहो, नाव होतंच कुठं काढायला! पुढं सपना झाली, तिला सगळे पहिली म्हणू लागले. दिपाली झाली, ती दुसरी. सासूबाई गेल्या, नणंदा आपापल्या संसारात बुडाल्या. मुलं किती म्हणून कुणी विचारलं, तर त्यांचे यजमान भैय्याजी सरळ सांगत, दोन पोरी. ते ऐकून सुमित्राबाईंना अलीकडं आपलंच डोकं फिरलंय की काय, अशी शंका येऊ लागली होती. पान्हा फुटलेला एकटीलाच आठवावा आणि बाकी कुणाला काहीच नाही, असं कसं होईल?

त्यांनी पदर खोचला आणि बसस्टँडमागच्या रूपरावाच्या खोलीवर गेल्या. रूपरावाला वाटलं, ह्याही भांडायला आल्या. तो आधीच चिडलेला होता.

"सीडी चांगली आहे, काकू. सिनेमाच तसा आहे. एकच दिवस फिरून फिरून येते त्यात. आता हे कोणाकोणाले समजावून सांगू मी?"

"मले सांग," सुमित्राबाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. "तिलेच काऊन आठवते?"

असं ऐकून घेणारं माणूस रूपरावाला जन्मात भेटलं नव्हतं. त्यानं पंखा त्यांच्याकडं वळवला आणि रंगात येऊन सांगायला लागला. गावात एक मोठं घड्याळ असतं. रात्री बाराला दिवस उलटा फिरतो आणि सकाळच्या सहावर येऊन थांबतो. मग सगळं सहाला जिथं होतं तिथं जातं. फुटलेली बाटली सांधली जाते. नर्स वहीत लिहून ठेवते, सकाळी वही कोरी. तिचा हात भाजतो, सकाळी डागसुद्धा नसतो.

सुमित्राबाईंनी त्याला तिथंच अडवलं. भाजलेलं मिटतं, तर डोक्यातलं का मिटत नाही? डोकं काही अंगाबाहेर असतं का?

रूपराव हसला. म्हणाला, इथंच तर सिनेमावाल्यानं गाठ मारून ठेवली आहे, आणि फोनवाल्यांनी मला नेमकं तेच पळवायला लावलं. पहिल्यांदा दिवस फिरला, त्या घडीला त्या घड्याळाचा दोर नर्सच्या हातात होता. बाकीचं गाव दिवसात गुंतलेलं, म्हणून दिवसासोबत अख्खं मागं गेलं, डोक्यातल्या आठवणींसकट. हिचं अंग मागं जातं, मन तेवढं दोराला धरून बाहेर राहतं. तसं का, हे सिनेमा सांगत नाही. त्याचा नियमच तो.

"म्हंजे बाकीचे इसरले."

"इसरले नाई, काकू. इसराले आधी काही घडा लागते. त्यांच्यासाठी तो दिवस झालाच नाई. त्यांच्यावर रागावून काय फायदा?"

सुमित्राबाईंच्या डोळ्यांपुढं सासूबाई आल्या. त्यांना त्या इतकी वर्षं मनातल्या मनात बोल लावत होत्या. पण सासूबाईंच्या लेखी ज्याचं बारसं नाही, ते लेकरू घरात आलंच नव्हतं. त्यांचा दिवस रीतीनं फिरवून टाकला होता. पहिल्यांदाच सुमित्राबाईंना त्या बाईची थोडी कीव आली.

रूपरावानं मधला पळवलेला भाग पुन्हा लावला. त्यात एक म्हातारा घड्याळजी होता. नर्स त्याला रोज सगळं नव्यानं सांगायची आणि तोही रोज नव्यानं चकित व्हायचा. मग एका सकाळी तिनं कशालाच हात लावला नाही, कुणाशी बोललीही नाही, तरी म्हातारा नेहमीची वाट सोडून दुसऱ्याच गल्लीनं गेला.

"हे पाहा," रूपरावानं सिनेमा थांबवला. "ज्याले आठवत नाई, तो रोज तेच करते. आपण काही न करता कोणी येगळं वागला, तर समजा, त्याच्याबी ध्यानात आहे. दोराले दोघांचे हात लागले होते. म्हातारा निस्तं सोंग करत होता."

"सोंग काऊन?"

"तिले वाईट वाटू नये म्हणून. त्याले वाटे, आपण हो म्हटलं नाई तर तीबी कधी तरी इसरंन, आन् तेच बरं."

सुमित्राबाईंना आपल्या घरचा माणूस आठवला. वर्षाचे सगळे दिवस भैय्याजी एकसारखे वागत. आठला दुकान, एकला जेवण, साडेसातला कुलूप. फक्त तान्ह्या पोळ्याला, पोट्टे लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा मागत फिरतात, तेव्हा हा माणूस दुकान बंद करून माल पाहायला म्हणून हिंगणघाटला जायचा. लोक म्हणत, चार आण्याच्या खाऊसाठी पळतो, चिक्कू मेला. त्याही तेच म्हणत. आणि ते लेकरू मांडीवर गार पडलं तेव्हा ते मांडीवरून उचललं कुणी होतं? नेलं कुणाच्या हातांनी होतं? एवढं साधं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं, आणि त्याची त्यांना आता लाज वाटली.

त्या घरी आल्या, तेव्हा भैय्याजी पुरणपोळीचं जेवण अंगावर आलं म्हणून खाटेवर पडले होते. बायकोला पाहून म्हणाले, उद्या सकाळच्या गाडीनं हिंगणघाटला जातो. सुमित्राबाई खाटेच्या पायथ्याशी बसल्या. उद्या तिथला बाजारही बंद असतो, हे त्या बोलल्या नाहीत.

"नाल्याच्या कोन्त्या अंगाले ठेवलं होतं त्याले?"

भैय्याजींनी कोणाला म्हणून विचारलं नाही. ते उठून बसले. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं, मग आपल्या दोन्ही हातांकडं.

"पल्याड. पयसाच्या झाडाखाली," ते म्हणाले. "तू गुंडाळलं होतं ते लुगड्याचं फडकं कमी पडलं. मंग माहा दुपट्टा घातला."

"आन् हिंगणघाट?"

"ती गाडी मी कधी धरलीच नाई. त्या दिवशी तिथंच पयसाखाली जाऊन बसतो."

सुमित्राबाईंना रडू फुटलं, अगदी घळघळा. बावीस वर्षं आपण एकाच घरात एकमेकांपासून लपवून काय सांभाळलं, याचा रागही आला आणि त्यांचा हात धरावासाही वाटला. त्यांनी तो धरला. भैय्याजींनी सोडवून घेतला नाही.

"मले वाटे, तू इसरली असंन तर बरं," ते हळूच म्हणाले. "श्रावणाले मी सांगो, मायले त्रास देऊ नको."

"श्रावण?"

"श्रावणात झाला होता ना. हाक माराले काही तरी लागते."

सुमित्राबाईंनी डोळे पुसले. सांगावं की नाही, असा घोळ त्यांच्या मनात क्षणभर झाला.

"मी माधव म्हणते त्याले."

भैय्याजींनी ते नाव पुटपुटून पाहिलं, एकदा, मग पुन्हा.

"मंग दोन नावं झाली त्याची," ते म्हणाले.