गाईच्या डोहाळजेवणात

दीपाच्या गाईचं डोहाळजेवण होतं, आणि सृष्टीला जावंच लागलं. शाळेपासूनची मैत्रीण. तिसगावच्या बाहेर वस्तीवर मांडव घातलेला, दारात फ्लेक्स. फ्लेक्सवर फुलांचा मुकुट घातलेली चांदणी गाय, खाली 'शुभेच्छुक' म्हणून भावकीतल्या सगळ्या पोरांचे फोटो.

सृष्टी आणि तिचा नवरा ओंकार यांचं तिसगावात चष्म्याचं दुकान होतं. लग्नाला सहा वर्षं झालेली. असल्या कार्यक्रमात आपल्याला काय काय ऐकावं लागणार, हे तिला घरातून निघतानाच ठाऊक होतं. पण निदान डोहाळे गाईचे आहेत, सगळं बोलणं गाईबद्दल होईल, अशी तिची समजूत.

चांदणीला हिरवी साडी नेसवली होती. म्हणजे पाठीवरून टाकून पोटाखाली गाठ मारली होती. सातवा महिना चालू असलेली ती भली मोठी गाय मांडवात उभी राहून रवंथ करत होती आणि बायका रांगेनं तिची ओटी भरत होत्या. ओटीतले गहू ती तिथंच खात होती. दीपाच्या हातात माईक. बायकांच्या पुढं माईक धरून ती प्रत्येकीला गाईसाठी उखाणा घ्यायला लावत होती.

मग पेढा-बर्फीचा खेळ आला. दोन झाकलेल्या वाट्या गाईपुढं ठेवल्या. बर्फीला तोंड लावलं तर कालवड, पेढ्याला लावलं तर गोऱ्हा. इथं सगळ्यांना मुलगीच हवी होती. "बर्फी! बर्फी!" असा एकच गलका झाला. चांदणीनं दोन्ही वाट्या उपड्या केल्या, पेढा, बर्फी आणि झाकायला ठेवलेली केळीची पानं असं सगळं गिळलं.

"जुळं हाय!" दीपाची सासू गोजरबाई ओरडली. टाळ्या झाल्या.

त्याच भरात दीपानं माईक तोंडाशी नेला. "आता आमची सृष्टी फुडं येईल. ये गं! आमच्या चांदणीचं दुसरं येत हाय, आन् तुझं अजून पहिलंच न्हाई! वय काय थांबतंय व्हय? जरा गाईच्या पोटावरनं हात फिरव, गुण लागंल!"

मांडव हसला. कुणीतरी सृष्टीला मागून ढकललंसुद्धा.

सृष्टीनं तोल सावरला. मागच्या श्रावणात काय झालं होतं, ते ओंकार सोडून कुणाला माहीत नव्हतं. पोटात दीड महिना राहिलेलं, मग एका सकाळी संपलेलं. नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "तुमचं काही चुकलं नाही." त्या वाक्याला धरून तिनं पुढचे महिने काढले होते. आता ते इथं सांगितलं असतं तर मांडव गप्प झाला असता, दीपा रडली असती, आणि सगळ्यांनी मिळून सृष्टीचीच ओटी भरली असती. तिला ते नको होतं. माईकवर भांडायचंही नव्हतं. 'हिला एकटीला गाठून सांगायचं,' असं तिनं ठरवलं आणि ती हात फिरवायला म्हणून दोन पावलं पुढं गेली.

तेवढ्यात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली.

चांदणी उधळली. मुकुट, साडी, पोटाखालची गाठ असा सगळा साज घेऊन ती मांडवाच्या कनाती फाडत थेट शेजारच्या ज्वारीत घुसली. "कोवळी ज्वारी हाय! खाल्ली तर विष चढंल तिला!" गोजरबाई बोंबलली. सगळ्यांत जवळ सृष्टी आणि दीपा होत्या. त्या धावल्या.

गाय मध्येच थांबली होती, कारण साडी सुटून मागच्या दोन्ही पायांत गुरफटली होती. दीपानं कासरा पकडला. सृष्टीनं दोन्ही हातांनी तोंडावरची मोरकी धरून गाईचं तोंड वर उचललं. दीपाचा नवरा कल्याण धापा टाकत आला, पाय बघितले आणि म्हणाला, "हलवू नका. एक पाऊल टाकलं तरी पडंल, गाभण हाय. मी विळा आणतो. कुणी सोडायचं न्हाई!"

तो पळाला. दोघी उभ्या राहिल्या. एकीनं सोडलं तर गाय ज्वारी खाणार, दुसरीनं सोडलं तर पडणार. सृष्टीच्या मनात आलं, यापेक्षा चांगली वेळ मिळायची नाही.

"दीपे, मघाशी तू माईकवर माझ्याबद्दल बोललीस, ते मला लागलं."

"आगं, गंमत केली मी!"

"गंमतच केली असशील. तरी मला लागलं."

"येवढ्यातेवढ्यानं काय लागायचं? तोंड वर धर जरा तिचं... आमी आपल्याच म्हणून बोलतो."

"आपली आहेस म्हणूनच सांगते. परकी असतीस तर जेवून घरी गेले असते."

चांदणीनं जोरात मान हिसडली. सृष्टीनं मोरकी आणखी घट्ट धरली. आवाज मात्र तिनं चढू दिला नाही.

"मला काळजी वाटती तुझी," दीपा म्हणाली. आता तिच्या बोलण्यात रुसवा होता.

"मग कशी आहेस ते विचार. मूल कधी, ते विचारू नको. चारचौघांत नको, एकांतात पण नको. सांगायसारखं काही झालं तर मी स्वतः सांगेन."

दीपानं कासऱ्याचा एक वेढा हाताला घेतला. मग गाईच्या मानेवरून वाकून, आवाज खाली आणत म्हणाली, "मंजी काय प्रॉब्लेम हाय का? कुणात हाय?"

सृष्टीनं डोळे मिटले. "दीपे, हा प्रश्न पण त्यातच आला."

"आता हे पन न्हाई विचारायचं?"

"नाही."

"आन् कोपरगावचा वैद्य? पत्ता पाठवला हुता मी."

"तेही नाही."

"मग बोलायचं तरी काय मी?" दीपा अगदी खरोखर अडचणीत पडली होती.

"बाकी सगळं बोल. गाईचं बोल. पहिलीपासून बोलतोय की आपण. तेव्हा कुठं पोरं होती आपल्याला?"

दीपाला हसू आलं, पण तिनं ते दाबलं, कारण तिला राग धरायचा होता. तेवढ्यात कल्याण विळा घेऊन आला. त्यानं साडी कापली, गाय मोकळी झाली, आणि तिघांनी तिला सावकाश मांडवात आणलं.

तिथं गोजरबाई नारळ घेऊन तयार होती. "सृष्टे, हा ओटीतला घे. गाईचा हाय, गुण लागंल..."

दीपानं झडप घालून माईक उचलला. "ऐका सगळ्यांनी! सृष्टीला पोराबाळाचं कुणीबी काही विचारायचं न्हाई! तिला लागतं! तिनं मला ज्वारीत सांगितलंय!"

मांडवातल्या सगळ्या माना सृष्टीकडं वळल्या. एक म्हातारी शेजारणीच्या कानात मोठ्यानं म्हणाली, "ज्वारीत काय झालं?"

सृष्टी दीपाजवळ गेली आणि माईकवर तळवा ठेवला. "दीपे. हेही नको."

"आता काय चुकलं?" दीपाचे डोळे भरून आले होते.

"काही नाही. जेवायला वाढ."

दीपा मुकाट्यानं वाढायला गेली. पंगतीत कुणी कुणाकडं बघेना. भीतीनं बायका फक्त गाईबद्दल, मग शेणाबद्दल, मग शेणाच्या भावाबद्दल बोलल्या. इतकं निर्धास्त जेवण सृष्टी कित्येक वर्षांत जेवली नव्हती.

निघताना दीपा स्कूटीपर्यंत आली. "मला राग आलाय तुझा," ती म्हणाली. "आन् माझा पन. कुणाचा जास्त, ते घरी गेल्यावर कळंल."

"कळलं की फोन कर."

वाटेत ओढ्याच्या पुलावर सृष्टीनं गाडी थांबवली आणि थोडं रडून घेतलं. उसाचा एक टेम्पो गाणी वाजवत बाजूनं गेला. तिनं तोंड पुसलं, गाडी सुरू केली.

दुकानात ओंकार एका आजोबांच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवून बघत होता. "कसं झालं?" त्यानं विचारलं.

"गाय ज्वारीत पळाली," ती म्हणाली, "आणि मी बोलले दीपाला."

ओंकारनं फ्रेम तशीच आजोबांच्या नाकावर सोडली आणि तिच्यासाठी स्टूल पुढं ओढलं.