विश्वास वाटेल असा निळा

नानासाहेबांना वेबसाइट हवी होती आणि तिच्यात सगळे रंग हवे होते.

दुष्काळाच्या तीन वर्षांत या माणसाचे दोनाचे अकरा टँकर झाले. लोकांच्या विहिरी आटल्या तसा हा भरत गेला. मग औरंगाबाद शहर दौलताबादच्या दिशेनं पसरायला लागल्यावर त्यानं रस्त्यापासून आत अठरा एकर पडीक रान धरलं, चुना टाकून प्लॉट पाडले आणि फाटकावर पाटी लावली, ‘निळाई सरोवर सिटी’. सरोवर म्हणावं असं तिथं एक शेततळं होतं. त्याचा प्लॅस्टिकचा कागद फाटून वाऱ्यावर फडफडत होता आणि आत दोन कुत्री झोपलेली असत.

तनुजा हे तळं पाहून आली होती. मुकुंदवाडी स्टेशनजवळ एका दुकानाच्या माळ्यावर चिन्मय सरांचं वेबसाइट बनवण्याचं ऑफिस होतं आणि त्यात खरं काम येणारी ती एकटीच होती. सर गोड बोलत, गिऱ्हाईक आणत आणि ‘आमची टीम’ म्हणत. टीम म्हणजे तनुजा आणि एक कुरकुरणारा पंखा. गिऱ्हाइकांविषयी तिचं मत पक्कं होतं. माणसाकडं पैसा येतो तेव्हा अक्कल दुसऱ्या दारानं बाहेर पडते, असं ती म्हणायची, आणि नानासाहेबांनी तिला खोटं पाडलं नाही.

थीम निवडायला ते सहकुटुंब आले. सोबत बायको भामाबाई आणि जावई सोमनाथ. थीम म्हणजे वेबसाइटचा तयार साचा. तो विकत घ्यायचा, मग त्यात आपला लोगो, आपले रंग, आपली अक्षरं बसवायची. चिन्मय सरांनी पडद्यावर एकेक साचा उघडून दाखवला. नमुना म्हणून प्रत्येकात कोणाचे तरी बंगले, कोणाची तरी गोरी हसरी कुटुंबं भरलेली होती. चौथ्या साच्यात तळं निघालं. निळंशार, बदकांसकट.

“हेच घ्या,” नानासाहेब म्हणाले. “याच्यात तळं हाय.”

“नानासाहेब, हे फोटो नुसते दाखवायला असतात,” तनुजा म्हणाली. “आपण विकत घेतो तो साचा. फोटो आपले टाकायचे.”

“मग आपलं कशाला? हेच राहू द्या. तळं ते तळं.”

सोमनाथला सोनेरी अक्षरं हवी होती, आणि पान उघडताच वरून चमकी पडली पाहिजे होती. भामाबाईंना त्यांच्या पाडव्याच्या शालूचा राणी रंग हवा होता. शालू त्यांनी पिशवीतून आणलाच होता. लोगोत तर काही म्हणून सोडलं नव्हतं. थेंब होता, कमळ होतं, उगवता सूर्य होता आणि मधोमध फेटा बांधलेले नानासाहेब. साच्यात लोगोची जागा गोल होती. तनुजानं तो चढवला तेव्हा फेटा कापला गेला आणि पांढऱ्या गोलात नुसता चेहरा वर लोंबू लागला.

“माझं डोस्कं कुठं गेलं?” नानासाहेबांनी विचारलं.

तनुजानं ओठ चावून हसू गिळलं. मग तिला राग आला. हसण्यासारखं रोजच घडत होतं, पण हे असलं काहीतरी आपल्या हातून बाहेर जाणार, ही गोष्ट तिला सोसवेना. तिनं सरांना सांगितलं, मला दोन दिवस द्या.

त्या दोन दिवसांत तिनं जीव ओतला. साचा साधा घेतला, उड्या न मारणारा. लोगोतून सूर्य, कमळ आणि खुद्द मालक काढले आणि एकच थेंब ठेवला. पाठीमागचा पांढरा चौकोन काढून टाकला, म्हणजे तो कुठल्याही रंगावर नीट बसेल आणि मोबाइलच्या बोटभर जागेतही ओळखू येईल. मुख्य रंग गडद निळा, थोडी राख मिसळल्यासारखा. बटणांना तेवढा मातकट केशरी, तोही एकाच जागी, म्हणजे नजर तिथंच जाईल. साच्यातला इंग्रजी फॉन्ट दिसायला देखणा होता, पण त्यात देवनागरी नव्हती. मराठी मजकूर टाकला की मोबाइल आपल्या मनानं कुठलीतरी अक्षरं उचलायचा आणि मात्रा ओळीबाहेर जायच्या. तिनं तो काढून गोल, मोकळ्या वळणाचा देवनागरी फॉन्ट बसवला, ओळींतलं अंतर वाढवलं, अक्षर मोठं केलं. उन्हात मोबाइल धरून वाचून पाहिलं. लख्ख वाचता येत होतं.

साच्यात ‘कागदपत्रं’ असा एक विभाग होता. तिनं फोन करून विचारलं, बिनशेतीचा आदेश, आराखड्याची मंजुरी, काय टाकू?

“ते व्हईल,” नानासाहेब म्हणाले. “ते सध्या झाकून ठेव.”

झाकायला एक बटण होतं. तिनं ते दाबलं. हे रान शेतीचंच आहे आणि त्यावर घर बांधता येणार नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. पण ज्यांना कागद मागायची अक्कल नाही त्यांनी फसावं, त्यात आपण काय करणार, असा विचार करून ती चहाला गेली.

दुसऱ्या बैठकीत तिनं त्यांची आवडती चमकीवाली सजावट आणि आपली, दोन्ही शेजारीशेजारी दाखवल्या. भामाबाई नाराज झाल्या. सोमनाथ म्हणाला, एकदम मिळमिळीत आहे. पण चिन्मय सर बोलून गेले, “बँकेसारखं दिसतंय,” आणि नानासाहेबांचे डोळे बारीक झाले. बँक या शब्दाला त्यांच्या मनात फार मान होता. साइट सुरू झाली. त्याच निळ्या रंगात पत्रकं छापली गेली, फाटकावरची पाटीही बदलली.

तनुजाची आई आवडाबाई दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू आणि सीताफळं विकायची. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. घरच्या बागेची विहीर आटल्यापासून माल बाजारातून आणून विकावा लागे. तिच्या आयुष्यात एकच गोष्ट राहिली होती, शहरात स्वतःची जागा. पुंडलिकनगरात तनुजा राहायची त्या भाड्याच्या खोलीत नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, आणि घरमालकीण बादल्या मोजायची. अकरा वर्षं आवडाबाईनं त्या एका जागेसाठी साठवलं होतं. ती कोणालाही फसणाऱ्यातली नव्हती. कितीतरी प्लॉटवाले येऊन गेले. नानासाहेबांचं पहिलं, राणी रंगाचं पत्रक तर तिनं पेरूखाली अंथरलं होतं. जो लई वरडतो त्याचा माल किडका, हा तिचा धंद्यातला हिशोब.

लेक काय काम करते हे तिला ‘कम्प्युटरवर’ एवढंच माहीत होतं. तनुजानंही कधी जास्त सांगितलं नाही. माय चौथी शिकलेली, तिला त्यातलं काय कळणार?

जूनच्या पहिल्या रविवारी आवडाबाई खोलीवर आली ती पेढे घेऊन. पिशवीतून तिनं घडी घातलेली पावती काढली. पावतीच्या डोक्यावर थेंब होता, निळा.

तनुजानं तो ओळखला.

“माय, हे कुठून घेतलं?”

“आपल्या मोतीरामनं मोबाइलवर दावलं. तो किल्ला दाखवतो बघ, तो. म्हणला, मावशी, हे भरोशाचं दिसतंय. म्या सगळं वाचलं, बिनचष्म्याचं. काय साधं-सुदं अक्षर! उगं चमचम नाय, काय नाय. मोठ्या मान्साचं काम असंच शांत आसतंय.”

“सगळे पैसे भरलेस?”

“निम्मे. निम्मे दिवाळीला.”

तनुजा खाली बसली. मग तिनं सांगितलं. जमीन शेतीची आहे, मंजुरी नाही, घर बांधता येणार नाही.

“तुला कसं ठावं?”

“ते मीच बनवलंय, माय. तो रंग, ते अक्षर, सगळं.”

पेढ्यांचा उघडलेला पुडा आवडाबाईच्या मांडीवर तसाच होता. तिनं दोरा पुन्हा बांधला.

“मंजी तुला आधीपासून ठावं होतं.”

“तू घेशील हे कुठं ठाऊक होतं?”

“म्या नसतं घेतलं, दुसरीच्या मायनं घेतलं असतं, तर चाललं असतं व्हय?”

आयुष्यात पहिल्यांदा तनुजाला स्वतःचीच किळस आली. इतके दिवस ती त्या शालूला, त्या चमकीला, त्या फेट्याला हसली होती. पण तसंच राहिलं असतं तर आईनं तेही पेरूखाली अंथरलं असतं. त्या माणसाची खरी ओळख त्याच्या भडकपणातच होती, आणि ती पुसून स्वच्छ करून देणारी ही शहाणी.

आवडाबाई पैसे मागायला नानासाहेबांच्या ऑफिसात निघाली. ती जाताच तनुजा ऑफिसच्या माळ्यावर गेली. रविवार होता, कोणी नव्हतं. तिनं साइट उघडली, झाकलेला विभाग उघडा केला आणि त्याच साध्या-सुद्या अक्षरात लिहिलं: ‘बिनशेतीचा आदेश: नाही. आराखड्याची मंजुरी: नाही. ही शेतजमीन आहे. येथे घर बांधता येणार नाही.’ आधी पडद्यावर पाहून घेतलं, मग ‘प्रकाशित करा’ दाबलं. नोकरी जाणार हे तिला माहीत होतं आणि तिला त्याचं बरंच वाटलं.

आवडाबाई ऊन उतरल्यावर परत आली. नानासाहेबांनी तिला चहा पाजला होता आणि दिवाळीनंतर बघू म्हटलं होतं. ती उठली नव्हती, दारातच बसून राहिली होती. तेवढ्यात एक जोडपं बुकिंगला आलं. नवरा कुठल्याशा कंपनीत कामाला, बायको पोटुशी.

“म्या त्यांना अडवलं,” आवडाबाई म्हणाली. “म्हणलं, नका घेऊ बाबा, ही शेतीची जागा हाय. तर त्यानं मोबाइल काढला. त्यात तेच लिहिलेलं निघालं, तूच लिहिलं असनार. मोठ्यानं वाचलं त्यानं, बायकोला ऐकवलं. मला वाटलं, सुटली दोघं.”

“मग?”

“मग मला म्हणला, मावशी, चोर असता तर असं उघड लिहिलं असतं का? किती सरळ मानूस हाय बघा. आन गेला आत, सही कराया.”