साठ मुलांचं अंदाजपत्रक

गुलनाज शेख चौदा वर्षं एका मोठ्या शाळेत केजीच्या वर्गावर होती. गेल्या दिवाळीत तिनं नोकरी सोडली आणि स्वतःची छोटी शाळा काढायचं ठरवलं. नर्सरी, ज्युनिअर केजी, सिनियर केजी, एवढीच. फेब्रुवारीत अंदाजपत्रक घेऊन ती रावजी सरांकडे गेली. सर तिच्याच जुन्या शाळेतले हेडक्लार्क. निवृत्त होऊन सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहायला आले होते.

सरांनी चष्मा लावून कागद वाचला. बंगल्याचा तळमजला, डिपॉझिट एक लाख वीस हजार, भाडं महिना वीस हजार. छोटी टेबलं-खुर्च्या एक लाख पस्तीस हजार. खेळणी, रंगकाम, मुलांच्या उंचीची संडास-बेसिनं सव्वा लाख. तीन शिक्षिका नऊ-नऊ हजारांवर, एक मावशी सहा हजारांवर. लाईट-पाणी, किरकोळ पाच हजार. गुलनाजचा स्वतःचा पगार शून्य.

"वर्षाचा चालू खर्च सहा लाख शहाण्णव हजार," सर म्हणाले. "फी साडेचौदा हजार. म्हणजे अठ्ठेचाळीस मुलं आली तर खर्च निघेल. तू किती धरलीयस?"

"साठ."

"साठ कुठून आणलीस?"

"वर्गात वीस बसतात. तीन वर्ग."

"ती जागा झाली, बाई. मुलं नव्हेत. पहिल्या वर्षी निम्मी धर. आणि एप्रिल-मेचं भाडं कुठंय? तू जूनपासून मांडलंयस. घरमालक दोन महिने जागा फुकट देणार आहे का?"

गुलनाजनं घरी येऊन तीस मुलं धरून पाहिली. खाली तूट आली, तीही लाखांत. चाळीस धरली, तरी तूटच. मग तिनं पुन्हा साठ लिहिलं. आकडा कुठून आला हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. हवं ते उत्तर आधी ठरलं होतं, मुलं त्याच्या मापानं मोजली होती. पण राजीनामा देऊन झाला होता. तिच्या पीएफचे दोन लाख साठ हजार आणि नणंदेनं दिलेले दीड लाख बँकेत होते. नवरा नबीसाब टेंपो चालवायचा. तो म्हणाला, "तू चौदा वर्षं दुसऱ्याची पोरं सांभाळलीस. तुला नाही कळणार तर कुणाला?" या विश्वासाचंच तिला ओझं झालं.

मार्चअखेर करार झाला. घरमालक रेवणसिद्ध यांनी एकच अट घातली होती, वर्षाच्या आत जागा सोडली तर डिपॉझिट परत मिळणार नाही. गुलनाजनं सही केली.

तीन शिक्षिका ठरल्या, सुकन्या, इफ्रा आणि दानम्मा. पगार जूनपासून. दानम्मा मूळची अक्कलकोटकडची, गुलनाजच्या जुन्या शाळेतच होती. गुलनाजनं फोन केला आणि दानम्मानं तिथली नोकरी सोडली. एप्रिल-मेच्या उन्हात पत्रकं घेऊन घरोघर ती हिंडली. पैसे मागितले नाहीत. "शाळा आपलीच हाय की," म्हणायची. आई कानडी बोलणारी निघाली की कानडीत गप्पा, नाहीतर मराठीत. बाळ रडत असेल तर आधी बाळाला घ्यायची, पत्रक नंतर.

लोक यायचे, बंगला बघायचे, छोट्या खुर्च्यांना हात लावून हसायचे. मग विचारायचे, "मॅडम, पहिलीचं काय?"

पहिलीचं काहीच नव्हतं. पलीकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या शाळेत नर्सरीला घातलं की दहावीपर्यंतची चिंता मिटत होती. "विचार करून सांगतो," असं म्हणून लोक जायचे. गुलनाजला राग यायचा नाही. इफ्राएवढी तरुण होती तेव्हा तिनं स्वतःच्या मुलीसाठी हाच प्रश्न विचारला होता.

मे संपला तेव्हा सत्तावीस मुलं होती. त्यातली अकरा दानम्मानं आणलेली.

फीचा पहिला हप्ता पाच हजार आठशे. दोन महिन्यांचं भाडं, पत्रकं, फलक भागवून हातात एक लाख अठ्ठावीस हजार उरले. गुलनाज रेवणसिद्धांकडे गेली आणि जूनचं भाडं तेवढं पुढं ढकला म्हणाली.

म्हातारा म्हणाला, "मॅडम, मला पेन्शन न्हाय. मंडळीचं आठवड्याला दोनदा डायलिसिस असतंय. रिक्षा, औषधं, सगळं तुमच्या भाड्यावर हाय." आतून बाईंच्या खोकल्याचा आवाज आला. गुलनाजनं त्यांच्यासमोरच वीस हजारांचा चेक लिहिला.

शाळा सुरूच करू नये, असंही तिच्या मनात आलं. पण पालकांचे दीड लाखावर परत द्यायचे, तेवढेही हातात नव्हते. डिपॉझिट बुडणार. फर्निचरवाला म्हणाला होता, परत घेईन, पण तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत. बंद केली तरी बुडणार, चालवली तरी बुडणार. फक्त वेळ निराळी.

"सत्तावीस मुलांना तीन बाया कशाला?" रावजी सर म्हणाले. "एक वर्ग तू घे. एक पगार वाचेल."

"मग पुरेल?"

सरांनी आकडेमोड केली. "नाही. तरी एकेचाळीस मुलं लागतील. पण ऑगस्टच्या मध्यापर्यंत तरी ओढशील. सप्टेंबरात दुसरा हप्ता येईल."

कुणाला थांबवायचं? सुकन्याकडे बालशिक्षणाचा डिप्लोमा होता, पालक तो विचारत. इफ्राचं इंग्रजी चांगलं, तेही विचारत. दानम्माबद्दल कुणी काही विचारत नव्हतं. मुलं तिच्या मागं मागं फिरायची, पण ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

आठ जूनला गुलनाजनं दानम्माला बोलावून घेतलं. ती भिंतीवर अक्षरं चिकटवत होती. हात पुसत आली.

"दानम्मा, मुलं कमी आली. मला एक पगार कमी करावा लागतोय."

दानम्मानं दाराकडं बघितलं. सुकन्या आणि इफ्रा बाहेर पताका लावत होत्या. "म्हंजे माझा."

"हो."

"अकरा आणली की मी."

"माहितीये मला."

"आता आठ जून. कुटल्या शाळेत जागा असती, बाई?" ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती. अजून मुलं आली तर बोलवीन, असं गुलनाज म्हणाली. किती आली तर, असं दानम्मानं विचारलं. एकेचाळीस हा आकडा गुलनाजच्या तोंडावर आला, पण एकेचाळीसलाही दोनच बाया पुरत होत्या. ती खोटं बोलली नाही आणि खरंही बोलली नाही. "बघू," म्हणाली.

पंधरा जूनला शाळा भरली. सत्तावीसपैकी चोवीस आली, निम्मी रडत. चार मुलांनी दानम्मा टीचर कुठंय म्हणून विचारलं.

पुढच्या सोमवारी शाळा सुटल्यावर दानम्मा आली. पाच-सहा शाळा हिंडून झाल्या होत्या. "अनुभवाचा दाखला द्या. एप्रिलपासून रिकामी हाय असं दिसतंय. तितं विचारतात."

गुलनाजनं लेटरहेड काढलं. चौदा वर्षांत तिनं असे दाखले पाहिले होते, अमुक इयत्तेला शिकवलं, अमुक काळ. इथं काय लिहायचं? शाळा उघडली तेव्हा दानम्मा शाळेत नव्हती, आणि दानम्मा होती तेव्हा शाळा उघडली नव्हती. तिनं लिहिलं: 'श्रीमती दानम्मा यांनी एप्रिल ते जून या काळात आमच्या शाळेत काम केले. मुलांना त्या फार प्रिय होत्या.' दुसरं वाक्य दाखल्यात शोभत नव्हतं. तरी तिनं ठेवलं आणि सहीखाली शिक्का मारला.

दानम्मानं उभ्यानंच वाचलं. कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली.

"चालंल की," ती म्हणाली आणि फाटक ओढून घेऊन स्टॉपकडे चालू लागली.