पन्हाळीचं तोंड

बाळ छत्तीस वर्षांचा होता, डोक्यावरचे केस मागं सरकायला लागले होते, तरी घरात तो बाळच होता. दादाच्या पोटात दुखायला एवढं कारण पुरेसं होतं. पण माणसाला जळायचंच असलं की कारणं रांगेनं उभी राहतात, आणि त्या दिवशी ती ताईच्या गच्चीवर उभी होती.

ताई या दोघांची मधली बहीण. तिच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग तीन वर्षांपूर्वी दादानं केलं होतं. तेव्हापासून ती येईल-जाईल त्याला सांगायची, की माझ्या दादानं केलंय, एक थेंब नाही. दादाच्या सगळ्या आयुष्यात कुणी फुशारकीनं सांगावं असं एवढं एकच काम होतं. त्याचा धंदाच मेला तसा. नीट झालेलं काम कुणाला दिसत नाही, फसलं की मात्र सगळ्या गल्लीला दिसतं. बाळचं उलट. तो सोलर बसवायचा, आणि त्याची कामं छपराछपरावर झगमगत असायची.

आता ताईला सोलर वॉटर हीटर हवा होता. बसवणार अर्थात बाळ. म्हणजे दादाच्या त्या एकुलत्या एक गच्चीला बाळ भोकं पाडणार.

दादा मुद्दाम सुट्टी काढून आला. कुठं काय खोट काढायची हे त्यानं रस्त्यातच ठरवून ठेवलं होतं. तीनशे लिटरची टाकी, पाण्यासकट चारशे किलो, आणि तो सगळा भार चार पायांवर. स्लॅबच्या मधोमध ठेवलीस तर खाली तडा जाईल, असं तो म्हणणार होता. पण वर जाऊन बघतो तर बाळनं खालच्या खोलीतून मापं घेऊन तुळईची रेघ गच्चीवर खडूनं आखलेली, आणि टाकीच्या पायांच्या खुणा नेमक्या त्या रेघेवर. मग त्याला वाटलं, वाऱ्याचं तरी हा विसरला असेल. रिकामी टाकी आणि तिरप्या काचा वाऱ्यानं उचलल्या जातात. तर त्याचाही हिशोब बाळनं केलेला. म्हणूनच स्लॅबमध्ये भोकं पाडून अँकर बोल्ट, नाहीतर नुसती वजनं ठेवून भागलं असतं.

"दादा, मी पाय सिमेंटच्या ओट्यांवर घेतोय," बाळ म्हणाला. "ओट्यांवर वॉटरप्रूफिंगची मेम्ब्रेन चढवायचं काम तू कर. तुझा हात त्याला बसलाय."

हे ऐकून दुसरा कुणी सुखावला असता. दादाला त्यात मोठेपणाचा तुकडा टाकल्यासारखं दिसलं.

"ज्यानं भोक पाडलं त्यानंच बुजवावं," तो म्हणाला आणि कठड्याला टेकून उभा राहिला.

तिथून तो बाळच्या चुकीची वाट बघत राहिला. बाळनं मेम्ब्रेन चौकोनी कापून उलटवली. भोक पाडताना सळई लागली तेव्हा रेटलं नाही, भोक दोन बोटं बाजूला घेतलं. मग ब्रशनं घासलं, पंपानं फुंकलं, पुन्हा घासलं, पुन्हा फुंकलं. भोकात धूळ राहिली तर वरून भरलेलं रसायन काँक्रीटला नाही, धुळीला चिकटतं. हे दादाला माहीत होतं आणि दुर्दैवानं बाळलाही. ओटे झाले, सुकले, आणि आठवड्यानं बाळनं मेम्ब्रेन त्यांच्या अंगावर वीतभर चढवून कडा चिकटवल्या. दादा तेव्हाही हजर होता. काम चांगलं झालं होतं, आणि त्याचा त्याला अगदी मनापासून राग आला.

शेवटचं हत्यार त्याच्याकडं होतं. टाकी चढवण्याआधी गळती तपासायला गच्चीत पाणी कोंडायचं, दोन इंच, अठ्ठेचाळीस तास. ताईच्या देखत त्यानं हे सांगितलं, आणि सांगताना आवाज जरा चढवला. बाळ म्हणाला की तो तर कोंडणारच होता. पिशवीतून त्यानं एक रबरी बूच काढलं, गच्चीतलं पाणी खाली नेणाऱ्या पन्हाळीच्या नळात खोल घातलं, वरचा स्क्रू पिळला. रबर फुगून घट्ट बसलं. पाणी पन्हाळीच्या तोंडावरून चढत वर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा फोन आला. "मोठे मामा, छताला ओल आलीय."

दादा निघाला तेव्हा त्याच्या मनात लाडू फुटत होते. लाजही वाटत होती, पण लाडूंपुढं लाजेचं काय चालतं. जिना त्यानं दोन-दोन पायऱ्यांनी चढला. खोलीत ताई, भाची आणि बाळ तिघंही मान वर करून उभी होती. दादानं वर पाहिलं.

ओल ओट्यांखाली नव्हती. तुळई कोरडी होती. डाग कोपऱ्यात होता, बशीएवढा, पन्हाळीचा नळ स्लॅबमधून उतरतो तिथं.

तीन वर्षांपूर्वी त्यानंही पाणी कोंडलं होतं. पण बूच न लावता, नेहमीच्या सवयीनं, पन्हाळीच्या वीतभर अलीकडं सिमेंटचा बांध घालून. बांधाच्या पलीकडचं तोंड त्या दोन्ही दिवसांत कोरडं राहिलं होतं. पावसाचं पाणी तिथं थांबत नाही, वाहून जातं, म्हणून इतकी वर्षं झाकलं गेलं. त्याच्या हातच्या प्रत्येक गच्चीवर तो बांध असाच घातला जायचा.

बाळनं डागाकडं पाहिलं, मग दादाकडं. त्याला कळलं होतं, यात शंका नव्हती.

"माझ्याच एखाद्या अँकरपाशी राहिलं असेल, ताई," तो म्हणाला. "पाणी आत फिरून कुठूनही निघतं. मी बघतो."

ताईनं एकदा दादाकडं पाहिलं. "नुसतं दादाचं काम होतं तोवर एक थेंब नव्हता," ती बाळला म्हणाली. "त्याचं ऐकायचं होतंस ना जरा."

हे वाक्य ऐकायला दादा उभा जन्म थांबला होता. ते ऐकून तो सरळ गच्चीवर गेला. पाण्यात उकिडवा बसून त्यानं पन्हाळीच्या तोंडाशी बोट फिरवलं. नळ आणि मेम्ब्रेन यांच्यामध्ये नख शिरलं. मागून बाळ आला.

"का घेतलंस अंगावर?" दादानं विचारलं.

बाळनं वाकून ती फट पाहिली. "माझं एखादं काम फसलं तरी लोक मला पुन्हा बोलावतात, दादा."

तो चांगल्या मनानं बोलला होता, म्हणूनच ते जास्त लागलं. दादाला वाटलं, यानं मला हेवा करायलाही जागा ठेवली नाही. मग तो उठला, ओल्या पँटनं तसाच खाली गेला, आणि ताईला सांगितलं की ओल पन्हाळीची आहे, पन्हाळीचं काम आपण केलेलं आहे, आणि बाळचं काम चोख आहे.

ताईनं बाळकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात जे कौतुक होतं ते दादाला आजवर कधी मिळालं नव्हतं. खरं बोलून त्यानं तेही बाळच्याच पदरात घातलं होतं. आतून तो पुरता करपला.

तरी तो पुन्हा वर गेला. बाळनं बूच सैल केलं, पाणी गडगडत उतरलं, आणि तोंड उघडं पडलं. ते कोरडं करायला दादा फडकं घेऊन बसला. आणखी किती गच्च्या बघाव्या लागतील, ते तो मनात आठवत होता. बाळ बूच पुसून पिशवीत टाकायला लागला.

"ते कुठं मिळतं?" मान वर न करता दादानं विचारलं.

बाळनं बूच त्याच्या शेजारी ठेवलं.

"तुझं नको," दादा म्हणाला. "दुकान सांग."